एक्का हातात असतो तेव्हा

हातात एक्का आणि सत्ती, समोर डीलरचं उघडं पान नव्वी. ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसलेल्या दहापैकी नऊ जण इथे हात आडवा हलवून थांबतात. अठरा झाले, आणखी कशाला हाव धरायची, असा विचार त्यामागे असतो. पण अठरा हा आकडा चांगला की वाईट हे एकट्या त्या आकड्यावर ठरत नाही. डीलरची नव्वी जवळपास ३५ टक्के वेळा एकोणीसवर जाऊन थांबते आणि वीस किंवा एकवीस होण्याची शक्यता आणखी १८ टक्के असते. म्हणजे अठरावर थांबणारा माणूस निम्म्याहून जास्त डाव हरतो. शंभर रुपयांच्या पैजेवर त्याचं सरासरी नुकसान साधारण १८ रुपये होतं. तोच माणूस आणखी एक पान मागून पुढे नीट खेळला, तर हे नुकसान सुमारे १० रुपयांवर येतं. डाव दोन्ही वाटांनी तोट्याचाच आहे, पण जवळजवळ अर्धा तोटा वाचवता येतो.

हे शक्य होतं ते एक्क्यामुळे. एक्का अकरा मोजता येतो आणि गरज पडली तर एकही. म्हणून एक्का-सत्तीच्या ‘सॉफ्ट’ अठरावर एक पान घेतलं तर बेरीज एकवीसच्या पुढे जाऊन डाव फुटूच शकत नाही. दश्शी किंवा चित्र आलं तर अठराच राहतात. पंजी आली तर तेरा होतात, पण डाव जिवंत असतो. दश्शी-अठ्ठीच्या ‘हार्ड’ अठराला ही सवलत नाही.

हे सगळं गणित पहिल्यांदा नीट मांडलं अमेरिकी लष्करातल्या चौघांनी. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडरमॉट हे मेरीलँडमधल्या अबरडीनच्या लष्करी तळावर होते. संगणक हाताशी नसताना टेबलावरच्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून त्यांनी १९५६ साली अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात आपला निबंध छापला. आज ज्याला ‘बेसिक स्ट्रॅटेजी’ म्हणतात तिचा पाया तोच.

त्या तक्त्यातला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटणारा चौकोन म्हणजे एक्का-छक्की विरुद्ध डीलरची छक्की. सॉफ्ट सतरा. इथे ‘डबल’ करायचं, म्हणजे पैजेइतकेच पैसे पुन्हा लावायचे आणि त्या बदल्यात फक्त एकच पान घ्यायचं. का, ते हिशेबानेच पाहू. डीलर सतरा झाल्यावर थांबतो, असा नियम धरू.

डीलर कधीही सतराच्या आत थांबत नाही, म्हणून आपल्या सतराने तो फुटल्याशिवाय आपण जिंकू शकत नाही. छक्कीवर तो सुमारे ४२ टक्के वेळा फुटतो. बाकी वेळा तो एकतर बरोबरी करतो किंवा जिंकतो. सतरावर थांबलं तर शंभर रुपयांमागे सरासरी जेमतेम एक रुपया हाती लागतो.

आता एक पान घेतलं तर? तेरा प्रकारच्या पानांपैकी एक्का, दुर्री, तिर्री आणि चौकी या चार पानांनी अठरा ते एकवीस होतात. दश्शी, गुलाम, राणी, राजा यांनी सतराच राहतात. उरलेल्या पाच पानांनी बारा ते सोळा होतात. हे वाईट दिसतं, पण इथेच खरी मेख आहे. डीलर ४२ टक्के वेळा फुटत असल्याने बारा असो की सोळा, त्यावर थांबण्याचा तोटा शंभराला पंधराएक रुपयेच असतो. उलट एकवीस झाले तर नफा नव्वदच्या आसपास, वीस झाले तर सत्तर, एकोणीसला पन्नास, अठराला अठ्ठावीस. या तेरा शक्यतांची सरासरी काढली की एका पानाची किंमत शंभरामागे १३ रुपयांच्या जवळ येते. पैज दुप्पट केली की ती पंचवीसच्या वर जाते. थांबलो असतो तर एकच रुपया मिळाला असता.

डबल करताना पुढचं पान मागण्याचा हक्क आपण सोडतो, ही त्याची किंमत. पण छक्कीसमोर बारा ते सोळा झाले असते तरी आपण थांबलोच असतो. जे पान मागणारच नव्हतो, त्याचा हक्क सोडल्याने काही बिघडत नाही. म्हणून डबल कधी करायचं याची कसोटी दुहेरी आहे: एका पानावर डाव फायद्यात असावा, आणि दुसऱ्या पानाची फारशी गरज पडू नये.

याच कसोटीने तक्ता आपोआप उलगडतो. एक्का-दुर्री किंवा एक्का-तिर्री असेल तर पहिल्या पानानंतर पुन्हा पान लागण्याची वेळ वारंवार येते. एक्का-दुर्रीवर तिर्री आली की सॉफ्ट सोळा होतात, तिथे कोण थांबेल? म्हणून हे हात फक्त डीलरच्या पंजी-छक्कीसमोर डबल करायचे. एक्का-चौकी आणि एक्का-पंजी असतील तर चौकी ते छक्कीसमोर. एक्का-छक्की आणि एक्का-सत्ती असतील तर तिर्री ते छक्कीसमोर. एक्का-सत्तीवर दुर्री, सत्ती, अठ्ठीसमोर थांबायचं आणि नव्वी, दश्शी, एक्क्यासमोर पान घ्यायचं. सॉफ्ट सतरावर मात्र कधीच थांबायचं नाही.

जोड्यांचा विचार वेगळा असतो, कारण तिथे एकाचे दोन डाव होतात. अठ्ठी-अठ्ठी म्हणजे सोळा, खेळातला सर्वांत वाईट आकडा. डीलरची दश्शी दिसत असेल तर शंभरामागे सुमारे ५४ रुपये जातात, थांबा किंवा पान घ्या. ती जोडी फोडून दोन पैजा लावल्या तर दोन्ही मिळून नुकसान ४८च्या आसपास येतं. लोकांना इथे पैसे वाढवणं वेडेपणाचं वाटतं, पण अठ्ठीने सुरू होणारे दोन डाव सोळापेक्षा बरे असतात. एक्क्यांची जोडीही फोडायचीच. दश्श्यांची नाही: वीस हा जिंकणारा आकडा आहे. पंज्यांची जोडी म्हणजे खरं तर दहा, ती न फोडता दुर्री ते नव्वीसमोर डबल करायची. नव्व्यांची जोडी दुर्री ते छक्की आणि अठ्ठी-नव्वीसमोर फोडायची, पण सत्तीसमोर नाही. सत्तीवर डीलर अनेकदा सतराला अडकतो आणि आपले अठरा त्याला पुरून उरतात.

हे सारे चौकोन टेबलाच्या नियमांवर टेकलेले आहेत आणि ते नियम बहुधा टेबलावरच्या कापडावर छापलेले असतात. डीलर सॉफ्ट सतरावरही पान घेत असेल, तर एक्का-सत्ती दुर्रीसमोरही डबल होते आणि एक्का-अठ्ठी छक्कीसमोर. काही टेबलांवर फक्त नऊ, दहा किंवा अकरावरच डबल करू देतात, तिथे सॉफ्ट हातांचा हा भाग गळून पडतो. युरोपीय पद्धतीत डीलर दुसरं पान सगळ्यांचं झाल्यावर घेतो. त्याला ब्लॅकजॅक लागला तर वाढवलेली पैजही जात असेल, तर दश्शी किंवा एक्क्यासमोर अठ्ठ्या फोडायच्या नाहीत. पणजीत मांडवीवरच्या कॅसिनो-बोटीवर बसा किंवा लास वेगासला, पहिल्यांदा कापड वाचावं.

त्यातही एक आकडा आधी शोधावा. ब्लॅकजॅक लागल्यावर तीनास दोन मिळतात की सहास पाच? शंभरावर दीडशे की एकशे वीस? ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा लागतो, म्हणजे दर डावामागे जवळपास दीड रुपया या फरकानेच जातो. चांगल्या नियमांच्या टेबलावर अचूक बेसिक स्ट्रॅटेजी खेळणाऱ्याविरुद्ध कॅसिनोला शंभराला अर्धा रुपयाच राहतो. सहास पाचच्या टेबलावर तो जवळपास चौपट होतो, आणि एक्का-छक्की कितीही बिनचूक डबल केली तरी ती वाढ भरून निघत नाही.