शिल्लक रजा: बुडणारी, साठणारी आणि विकता येणारी

डिसेंबर उजाडला की खासगी कचेऱ्यांमध्ये एकच विषय निघतो. कुणाच्या चार सीएल उरलेल्या असतात, कुणाच्या पगारपत्रकावर साठ ईएल दिसत असतात, आणि ‘यातलं काय बुडणार आणि कशाचे पैसे मिळणार?’ याचं नेमकं उत्तर कुणाकडेच नसतं. नोकरीला लागताना सही केलेल्या रजेच्या नियमांत ते लिहिलेलं असतं. पण ती पानं सहसा उघडली जातात ती राजीनामा दिल्यावरच, आणि तोवर हातातली बरीच रजा गेलेली असते.

दुकानं, कार्यालयं, गोदामं, हॉटेलं अशा ठिकाणच्या रजेचा पाया महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमातलं कलम 18 हा आहे. मूळ कायदा दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. 2025 मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्यात आली. व्यवस्थापक आणि पर्यवेक्षक पदांवरची माणसं या कायद्यात धरली जात नाहीत, त्यांच्यासाठी कंपनीचं धोरण हाच आधार.

या कलमात दोन रजा आहेत आणि त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. किरकोळ रजा, म्हणजे आपली सीएल, वर्षाला आठ दिवस मिळते. ती तिमाहीने खात्यात जमा होते आणि वर्ष संपलं की उरलेली बुडते. ती पुढे नेता येत नाही. मूल तापाने फणफणलं, गावाहून अचानक फोन आला, अशा वेळी कामी यावी म्हणून ही रजा आहे, साठवून ठेवण्यासाठी नाही.

अर्जित रजा मात्र नावाप्रमाणे कमवावी लागते. एका कॅलेंडर वर्षात किमान 240 दिवस काम केलं, तर दर वीस दिवसांमागे एक दिवस याप्रमाणे पुढच्या वर्षी रजा मिळते. ती साठवता येते, पण जास्तीत जास्त 45 दिवस. घरात कुणी राज्य सरकारच्या नोकरीत असेल तर निवृत्तीच्या वेळी 300 दिवसांच्या रजेचे पैसे मिळाल्याचं ऐकलेलं असतं. तो हिशेब खासगी नोकरीला लावून बसू नये.

मग 45 च्या वरच्या दिवसांचं काय? सगळी मेख इथे आहे. कर्मचाऱ्याने पंधरा दिवस आधी रजेचा अर्ज केला आणि मालकाने ती नाकारली, तर 45 च्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कायदा देतो. म्हणजे रजा शिल्लक असणं पुरेसं नाही. ती मागितली होती आणि मिळाली नाही, हे दाखवता आलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊन हे पूर्ण मांडून पाहू. समजा, पुण्यातल्या एका वितरक कंपनीत एक बिलिंग क्लार्क आहे. कंपनीच्या धोरणात असं कलम आहे: ‘31 डिसेंबरच्या शिलकीतून 45 दिवसांपर्यंत अर्जित रजा पुढील वर्षात नेता येईल.’ 2024 अखेर तिच्याकडे 41 दिवस होते, तेव्हा ते सगळे पुढे आले. 2024 मध्ये तिने 260 दिवस काम केलं होतं. त्याचे 13 दिवस 1 जानेवारी 2025 ला जमा झाले आणि शिल्लक 54 झाली. मे महिन्यात भावाच्या लग्नासाठी चार दिवस घेतले, उरले 50. आठ सीएलपैकी पाच वापरल्या. उरलेल्या तीन 31 डिसेंबरला बुडाल्या, त्याबद्दल तक्रारीला जागा नाही.

5 नोव्हेंबरला तिने ईमेलने सहा दिवसांची रजा मागितली, 24 ते 29 नोव्हेंबर. पंधरा दिवसांची अट सहज पाळली गेली. साहेबांचं उत्तर आलं, ‘स्टॉक मोजणी आहे, या महिन्यात जमणार नाही.’ रजा मिळाली असती तर शिल्लक 44 वर आली असती आणि प्रश्नच मिटला असता. नाकारल्यामुळे वर्षअखेर शिल्लक 50 राहिली. त्यातले 45 दिवस पुढे गेले आणि पाच दिवसांचे पैसे तिचे झाले. हेच साहेबांनी केबिनमध्ये तोंडी ‘जानेवारीत बघू’ म्हटलं असतं आणि तिने अर्जच केला नसता, तर ते पाच दिवस बुडाले असते. म्हणून तोंडी नकार मिळाला तरी अर्ज पोर्टलवर किंवा ईमेलवर टाकावा आणि नकाराचं उत्तर जपून ठेवावं.

आता पाच दिवसांचे पैसे किती? इथे धोरणातला एखादा शब्द रक्कम निम्म्यावर आणू शकतो. तिचा एकूण पगार महिना 31,200 रुपये आहे, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 18,200. एकूण पगाराला 26 ने भागलं तर दिवसाचे 1,200 आणि पाच दिवसांचे 6,000 रुपये होतात. मूळ वेतन आणि महागाई भत्ताच धरून 26 ने भागलं तर 3,500. तीच रक्कम 30 ने भागली तर साधारण 3,033. दिवस तेच, माणूस तोच. म्हणून धोरण वाचताना ‘वेतन’ म्हणजे काय आणि भागाकार कितीने, हे दोन प्रश्न एचआरला लेखी विचारावेत. नोकरीत असताना मिळालेले हे पैसे पगारात धरले जातात आणि त्यावर कर लागतो. निवृत्तीच्या किंवा राजीनाम्याच्या वेळी मिळणाऱ्या रकमेला मात्र बिगरसरकारी कर्मचाऱ्यांसाठी एका सूत्राच्या अधीन 25 लाखांपर्यंत सूट आहे.

पुढचं वर्ष पाहा. 2025 मध्ये तिचे कामाचे दिवस 280 भरले, तेव्हा जानेवारी 2026 मध्ये 14 दिवस जमा होऊन शिल्लक 59 झाली. एकदा 45 चा काठ गाठला की दरवर्षीची नवी रजा त्याच वर्षात घ्यावी लागते, नाहीतर वेळेवर मागून नकार तरी लेखी घ्यावा लागतो. काही कंपन्यांचं कलम याहून कडक असतं: ‘कोणत्याही वेळी शिल्लक 45 पेक्षा जास्त असणार नाही.’ हे वाक्य तसंच राबवलं तर तिचे 14 दिवस जमा होताक्षणीच उडतील, घ्यायची संधीही न मिळता. नोकरी स्वीकारताना हे वाक्य दिसलं तर तिथेच थांबून विचारावं.

यात आणखी एक कायदा आला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत वीस दिवसांना एक हा दर तोच आहे, पण पात्रतेसाठी 180 दिवस पुरतात. पुढे नेण्याची मर्यादा 30 दिवसांची आहे, वर्षअखेरीस मागणी केल्यास पैसे घेता येतात, आणि मागून नाकारलेली रजा मर्यादेशिवाय पुढे जाते. आपल्या धोरणाच्या पहिल्या पानावर कोणत्या कायद्याचा दाखला दिला आहे, हे त्यामुळे आधी पाहावं. 240, 45 आणि 180, 30 हे आकडे त्यावरून ठरतात.

राजीनामा देण्याआधी दोन कलमं पुन्हा वाचावीत. नोटिशीच्या काळात अर्जित रजा घेता येते का, की तेवढे दिवस नोटीस लांबते? आणि फुल अँड फायनलमध्ये किती दिवसांच्या रजेचे पैसे मिळतात, पुढे आणलेल्या 45 चे की चालू वर्षाच्या जमेसकट सगळ्या 59 चे? आपल्या क्लार्कच्या पगारावर या 14 दिवसांचा फरक एकूण पगाराच्या हिशेबाने 16,800 रुपयांचा आहे. पोर्टलवरचं रजेचं पान शेवटच्या दिवसाआधीच उतरवून घ्यावं, कारण लॉगिन बंद झालं की शिलकीचा पुरावा कंपनीकडेच राहतो.