गोणीवरचे आकडे आणि एकराचा हिशेब



गेल्या सुरू लागणीच्या वेळची गोष्ट. आपले एक सभासद दुकानातली चिठ्ठी घेऊन शेतकी विभागात आले. म्हणाले, "अहो, एका एकराला अकरा गोण्या लिहून दिल्यात. घालायला आमची ना नाही, पण एवढ्या लागतात का, ते एकदा बघून द्या." चिठ्ठीवर लिहिले होते : युरिया ५ गोण्या, डीएपी ३ गोण्या, १०:२६:२६ च्या ३ गोण्या. वर हंगाम सुरू, क्षेत्र एक एकर.

आम्ही त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. दहा मिनिटे लागली. तो हिशेब कुणालाही घरच्या घरी, चिठ्ठीच्या पाठीमागे करता येतो, म्हणून इथे सविस्तर देत आहोत.

पहिली गोष्ट, गोणीवरचे आकडे काय सांगतात? १०:२६:२६ म्हणजे शंभर किलो खतात १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद आणि २६ किलो पालाश. क्रम नेहमी हाच : नत्र, स्फुरद, पालाश. पण आपली गोणी शंभर किलोची नाही, पन्नासची आहे. म्हणून गोणीवरचा आकडा निम्मा करायचा, की एका गोणीतले अन्नद्रव्य किलोत मिळते. १०:२६:२६ च्या गोणीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद, १३ किलो पालाश. डीएपी म्हणजे १८:४६:०. त्याच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के. गोणीत ३० किलो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के. गोणीत ८ किलो.

युरियाचे मात्र वेगळे आहे आणि तिथेच जुने जाणते शेतकरीही चुकतात. युरियात नत्र ४६ टक्के, हे सगळ्यांना पाठ आहे. पूर्वी गोणी पन्नास किलोची होती, म्हणून "गोणीला तेवीस किलो नत्र" हे गणित डोक्यात बसले आहे. पण २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची झाली. आता ४५ गुणिले ४६ भागिले १००, म्हणजे गोणीत २०.७ किलो नत्र. दहा गोण्यांमागे तेवीस किलोचा फरक पडतो, म्हणजे एका गोणीपेक्षा जास्त. गंधक लावलेला युरिया घेतला तर त्यात नत्र ३७ टक्केच असते. म्हणून टक्के आणि वजन, दोन्ही गोणीवर वाचल्याशिवाय हिशेब सुरू करू नये. २०२२ पासून सगळ्या कंपन्यांच्या गोण्यांवर "भारत" हे एकच नाव येते, त्यामुळे लांबून गोणी ओळखण्याची सवय आता उपयोगाची नाही. मिश्र खत घेताना तर आकडेच वाचायचे.

दुसरी गोष्ट, शिफारस. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची सुरू उसाची सर्वसाधारण शिफारस २५०:११५:११५ अशी आहे. हे आकडे हेक्टरचे आहेत, एकराचे नव्हेत. अडीच एकरांचा हेक्टर धरला, तर अडीचने भागून एकराला १०० किलो नत्र, ४६ किलो स्फुरद, ४६ किलो पालाश असे बसतात. "पुस्तकात अडीचशे लिहिलंय" म्हणून ते एकराला धरले, तर नुसत्या युरियाच्या बारा गोण्या होतात. एकराला युरियाच बारा गोण्या निघाला, तर समजावे की हेक्टर आणि एकर यांची गल्लत झाली आहे.

उलटी चूकही होते. "शंभर किलो नत्र" म्हणजे शंभर किलो युरिया, असे समजून कुणी दोन-सव्वादोन गोण्यांवर थांबतात. शंभर किलो नत्र फक्त युरियातून द्यायचे, तर जवळजवळ पाच गोण्या लागतात. शिफारस अन्नद्रव्याची असते, खताची नव्हे. सगळी गोम इथेच आहे.

आता ती चिठ्ठी तपासू. युरिया ५ गोण्या : नत्र १०३.५ किलो. डीएपी ३ गोण्या : नत्र २७, स्फुरद ६९. १०:२६:२६ च्या ३ गोण्या : नत्र १५, स्फुरद ३९, पालाश ३९. उभी बेरीज केली :

नत्र १४५.५ किलो, पाहिजे १००.
स्फुरद १०८ किलो, पाहिजे ४६.
पालाश ३९ किलो, पाहिजे ४६.

नत्र दीडपटीच्या घरात, स्फुरद दुपटीहून अधिक, आणि एवढ्या अकरा गोण्या घालूनही पालाश सात किलोने कमीच! सभासद बेरीज बघून गप्प झाले. मग म्हणाले, "पण साहेब, आमचा ऊस ८६०३२ आहे. त्याला जास्त खत लागतं म्हणतात."

बरोबर आहे. को ८६०३२ ही जात खताला चांगला प्रतिसाद देते, म्हणून तिला मात्रा पाव हिश्श्याने वाढवून सांगितली आहे. तसे धरले, तर एकराला नत्र १२५, स्फुरद ५८, पालाश ५८ लागेल. तरीही चिठ्ठीतले नत्र वीस किलोने जास्तच राहते, स्फुरद पन्नास किलोने जास्त, आणि पालाशची तूट सातावरून एकोणिसावर जाते. म्हणजे जात बदलली तरी चिठ्ठी बरोबर ठरत नाही.

चूक कशी झाली? प्रत्येक खताला एकच काम दिले गेले. युरिया नत्रासाठी, डीएपी स्फुरदासाठी, दहा-सव्वीस पोटॅशसाठी. पण डीएपीबरोबर नत्र येते आणि दहा-सव्वीसबरोबर नत्र आणि स्फुरद दोन्ही येतात, ते कुणी धरलेच नाही. युरियानेच शंभरी गाठली होती. पुढचे बेचाळीस किलो नत्र फुकट चढले.

म्हणून हिशेब करताना क्रम असा ठेवावा. आधी स्फुरद बसवा, मग पालाश, आणि नत्र सर्वात शेवटी. स्फुरद ४६ किलो पाहिजे : डीएपीच्या २ गोण्या, बरोबर ४६. त्यांच्याबरोबर १८ किलो नत्र आपोआप आले. पालाश ४६ किलो पाहिजे : पोटॅशच्या दीड गोणीत ४५ किलो, पुरेसे. नत्र शंभरातून १८ वजा केले, राहिले ८२. त्याला २०.७ ने भागले की युरियाच्या ४ गोण्या. एकूण साडेसात गोण्या. अकराच्या ठिकाणी साडेसात, आणि पालाशही पुरा.

या साडेसात गोण्या हप्त्यांतही नीट बसतात. लागणीच्या वेळी नत्र दहा टक्के आणि स्फुरद-पालाश निम्मे द्यायचे असतात. डीएपीची १ गोणी आणि पोटॅशची पाऊण गोणी घातली की झाले. त्या वेळी युरियाची गरज नाही, कारण डीएपीतच ९ किलो नत्र आहे. सहा ते आठ आठवड्यांनी नत्र चाळीस टक्के : युरिया २ गोण्या. बारा ते सोळा आठवड्यांनी दहा टक्के : युरिया अर्धी गोणी. मोठ्या बांधणीला उरलेले चाळीस टक्के नत्र आणि निम्मे स्फुरद-पालाश : डीएपी १ गोणी, युरिया दीड गोणी, पोटॅश पाऊण गोणी. बेरीज करून पाहा, चार युरिया, दोन डीएपी, दीड पोटॅश जुळते.

कुणी म्हणेल, चार गोण्या जास्त पडल्या तर काय बिघडलं, जमीन आपलीच आहे. बिघडते. नत्र जादा झाले की पाला काळसर हिरवा राहतो, ऊस लुसलुशीत होऊन लोळतो, पक्वता लांबते आणि उतारा घटतो. तोडणीच्या वेळी वाढ्याकडचे पान अजून गर्द हिरवे असेल, तर ती खूण समजावी. स्फुरद जादा झाले तर आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ते मातीत बांधले जाते, पिकाला मिळत नाही. शिवाय पिकाला जस्त आणि लोह उचलायला अडथळा येतो. मग उसावर केवडा दिसला की आपण पुन्हा दुकानात जातो, आणि आधीच्या जादा खताचा दुसरा खर्च सुरू होतो.

या हिशेबाची मर्यादाही सांगितली पाहिजे. १००:४६:४६ ही मध्यम सुपीक जमिनीसाठीची मात्रा आहे. माती परीक्षणाचा अहवाल हाती असेल, तर त्यात एखादे अन्नद्रव्य कमी किंवा भरपूर निघते. त्याप्रमाणे शिफारसच बदलते. हिशेबाची रीत मात्र तीच राहते. पूर्वहंगामी आणि आडसाली लागणीचे आकडेही वेगळे आहेत : हेक्टरी ३४०:१७०:१७० आणि ४००:१७०:१७०. अडीचने भागले की एकराला १३६:६८:६८ आणि १६०:६८:६८. चिठ्ठीवर हंगाम लिहिलेला नसेल, तर ती तपासताच येणार नाही.

आणि एक. त्या सभासदांचे रान प्रत्यक्षात तीस गुंठेच निघाले. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे पाऊण एकर. साडेसातचे पाऊण केले, तर साडेपाच गोण्यांहून थोडे जास्त. लागणीचा डीएपी पाऊण गोणी, पहिला युरिया दीड गोणी, असे हप्तेही पाऊणच करून दिले. ते जाताना म्हणाले, "म्हणजे निम्म्याच गोण्या!" आम्ही म्हटले, निम्म्या कशाला म्हणता, लागतात तेवढ्या म्हणा.

येत्या लागणीच्या आधी आपली चिठ्ठी, हंगाम, जात, गुंठे आणि असेल तर माती परीक्षणाचा अहवाल एवढे घेऊन गट कार्यालयात या. हिशेब मात्र घरूनच करून आणा. आम्ही फक्त बेरीज तपासून देऊ.

— शेतकी विभाग