एकदा ऐकून लक्षात राहणारे उत्तर

समजा, वडखळ नाक्यावरील दुकानदाराच्या खात्यातून यूपीआयने पैसे गेले आणि त्याने बँकेच्या मदतवाहिनीला फोन केला. प्रश्नोत्तरावलीत उत्तर आहे : ‘फसवणूक झाल्याचे निदर्शनास आल्यास बँकेकडून प्राप्त संदेशातील व्यवहार क्रमांकासह राष्ट्रीय सायबर मदतवाहिनी 1930 वर त्वरित तक्रार नोंदवावी.’ वाचताना यात काही खटकत नाही. ऐकणाऱ्याला मात्र क्रियापद येईपर्यंत सारे तपशील मनात धरून ठेवावे लागतात; मराठी वाक्यात क्रिया शेवटी येते, ही येथील खरी अडचण होय.

म्हणून आपण वाक्य फोडावे आणि कृती आधी सांगावी : ‘आत्ताच फोन लावा, एक-नऊ-तीन-शून्य. बँकेचा मेसेज पुसू नका. त्यातला बारा आकडी नंबर ते विचारतील. फोन कुठे लावायचा? एक-नऊ-तीन-शून्य.’

क्रमांक सुटे अंक करून दोनदा आला आहे. ‘निदर्शनास’, ‘प्राप्त’ हे शब्द गेले, त्यांची उणीव भासत नाही. ‘त्वरित’चे ‘आत्ताच’ झाले. ते मात्र गाळता येणार नाही, कारण पैसे ठगांनी काढून घेण्यापूर्वीच रोखता येतात.

हे उत्तर एखाद्या परिचिताला एकदाच ऐकवा, थोड्या इतर गप्पा मारा, मग विचारा. क्रमांक आठवला पण मेसेजचा विसर पडला, तर तिसरे वाक्य काढून पाहा.