आठ टेबलांची खानावळ आणि महिन्याची रील्स

२०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली. पुढच्याच महिन्यात भारतात इन्स्टाग्राम रील्स सुरू झाली आणि उभ्या पडद्यावरच्या छोट्या व्हिडिओचा धंदा हॉटेलांच्या दारात येऊन पोचला. मोठी हॉटेलं त्यासाठी माणसं नेमतात. छोट्या खानावळीत मालक गल्ल्यावर असतो, मालकीण चुलीपाशी आणि पुतण्या वाढायला. डिझायनर ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही या तिघांना नियमित व्हिडिओ करता येतात. त्यासाठी ‘आज काय टाकू?’ हा प्रश्न रोज सकाळी पडणार नाही, एवढी व्यवस्था मात्र आधी लावावी लागते.

मुंबईतली आठ टेबलांची एक मालवणी खानावळ डोळ्यासमोर धरू. तिचं वेळापत्रक आखायला संगणकावरचा तक्ता लागत नाही, गल्ल्यामागे टांगलेलं कालनिर्णय पुरतं. या खानावळीचा आठवडा पंचांगावरच चालतो. सोमवारी, गुरुवारी आणि बऱ्याच घरांत शनिवारीही मासे-मटण नसतं. संकष्टी आणि एकादशीला गल्ला हलका होतो. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी मात्र दुपारी एकलाच बाहेर माणसं ताटकळतात. उद्या कुठे जेवायचं, हे बहुतेक जण आदल्या संध्याकाळी ठरवतात. म्हणून व्हिडिओ मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी संध्याकाळी टाकायचे. आठवड्याला तीन पुरे. रोज टाकायचं ठरवणारी खानावळ दुसऱ्या आठवड्यात दमते आणि मग महिनाभर काहीच येत नाही.

चित्रीकरण सोमवारी करायचं, कारण त्या दिवशी गर्दी कमी. साडेदहा ते साडेअकरा हा तास राखून ठेवावा. तोवर वाटण झालेलं असतं, पहिलं गिऱ्हाईक यायचं असतं आणि दारातून चांगला उजेड येत असतो. याच एका तासात आठवड्याचे तिन्ही व्हिडिओ उरकायचे. एकेका व्हिडिओसाठी पाच-सहा सेकंदांचे पाच तुकडे लागतात. सुरमईचा असेल तर मसाला लावलेली तुकडी, रव्यात घोळवणं, तव्यावर टाकणं, उलथणं आणि शेवटी ताट. जोडताना तव्यावर टाकण्याचा तुकडा सगळ्यात आधी घ्यावा. बघणारा पहिल्या एक-दोन सेकंदांतच बोट सरकवतो, आणि खानावळीच्या नावाची पाटी पाहायला कोणी थांबत नाही. पाचही तुकडे छाटून पंधरा ते वीस सेकंदांत बसवले की पुष्कळ झालं.

फोन उभा धरायचा आणि भिंग आधी फडक्याने पुसायचं. स्वयंपाकघरातल्या फोनवर तेलाचा थर असतोच आणि चित्र धुरकट येण्याचं तेच पहिलं कारण असतं. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो ट्यूबलाइटचा दोष समजावा. ती ट्यूब बंद करून ताट दारापाशी न्यावं. तव्यावर बोट दाबून ठेवलं की बहुतेक फोनांत उजेड आणि फोकस तिथेच बांधले जातात. मग वाफ आली तरी चित्र फिकं-गडद होत नाही.

आवाज स्वतःचाच घ्यावा. सिनेमाची गाणी धंद्याच्या खात्यावर सर्रास वापरता येत नाहीत. हक्कांच्या कारणावरून व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो आणि मेहनत वाया जाते. एक्झॉस्ट पंखा अर्धा मिनिट थांबवून तव्याचा चर्र आवाज टिपला, त्यावर मालकिणीने मालवणीत दोन वाक्यं बोलली, तर कुठल्याही गाण्यापेक्षा ते माणसाला जास्त धरून ठेवतं.

डिझायनर नसल्याची उणीव एका निर्णयाने भरून निघते: अक्षराचा एकच प्रकार, एकच रंग आणि पडद्यावरची एकच जागा. ही जागा वरच्या बाजूला हवी, कारण खाली मजकूर आणि उजवीकडे बटणं येतात. व्हिडिओवर फक्त पदार्थाचं नाव लिहावं. भाव लिहू नये. सुरमईचा दर आठवड्यात बदलतो आणि टाकलेल्या व्हिडिओवरचा आकडा नंतर खोडता येत नाही. खालचा मजकूर मात्र कधीही दुरुस्त करता येतो, म्हणून ताटाची किंमत, पत्ता आणि वेळ तिथे द्यावी.

याच कारणासाठी रीलमध्ये ‘आज’ हा शब्द टाळावा. रील अनोळखी माणसापुढे चार दिवसांनीही येऊ शकतं. तो ‘आज ताजी तिसऱ्या’ वाचून येतो, त्या संपलेल्या असतात आणि तो पुन्हा येत नाही. आजची मासळी स्टोरीत सांगावी. ती चोवीस तासांत आपोआप जाते.

आता पावसाळ्याचं उदाहरण घेऊ, कारण वेळापत्रकाची खरी परीक्षा तेव्हाच होते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. मिळते ती मासळी महाग, बरीचशी बर्फातली. अशा वेळी पापलेटचे व्हिडिओ टाकणं म्हणजे स्वतःच्याच नफ्यावर घाव घालणं. हे दोन महिने सुक्या बोंबलाची चटणी, सोड्यांची खिचडी आणि कोंबडी-वडे यांचे. आषाढातल्या शेवटच्या अमावास्येआधी आठवडाभर आगाऊ मागणीचा व्हिडिओ हवा, त्यात फोन क्रमांक मोठा. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. मग काळ्या वाटाण्याचं सांबार, आंबोळी, अळूचं फदफदं, सोलकढी. हे चार व्हिडिओ आषाढातच टिपून ठेवता येतात.

गेल्या वर्षीच्या तारखा मात्र तशाच उतरवून चालत नाही. २०२५ मध्ये श्रावण २५ जुलैला लागला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने तो ऑगस्टच्या मध्याकडे सरकतो. म्हणजे बंदी उठल्यानंतर श्रावणापर्यंत दहा-बारा दिवस मोकळे मिळतात. ताज्या मासळीच्या व्हिडिओंची मोठी खेप याच दिवसांत काढायची. २०२५ मध्ये ही फट नव्हतीच.

चार आठवड्यांनी हिशेब करावा. व्हिडिओ किती जणांनी पाहिला हा आकडा फसवा असतो. पन्नास हजार जणांनी पाहिला, पण त्यातले बहुतेक नागपूर-इंदूरचे निघाले, तर दादर-परळच्या खानावळीला त्याचा काय उपयोग? इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यात बघणाऱ्यांची शहरं दिसतात, ती आधी पाहावीत. त्यानंतर किती जणांनी तो दुसऱ्याला पाठवला हे पाहावं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनीच सांगितलंय की नव्या लोकांपर्यंत पोचण्यात या पाठवण्याला मोठं वजन असतं. खानावळीच्या बाबतीत त्याचा अर्थही सरळ आहे: कोणीतरी मित्राला ‘इथे जाऊ या’ म्हणालं. तिसरी नोंद गल्ल्यावरच्या वहीत. बिल देताना ‘कुठून कळलं?’ असं विचारायचं आणि एक रेघ ओढायची. ज्या पदार्थाच्या व्हिडिओने पाठवणं आणि रेघा दोन्ही वाढल्या नाहीत, त्याची जागा पुढच्या महिन्यात दुसऱ्याला द्यावी. महिन्याला एकच बदल करावा, म्हणजे कशामुळे काय घडलं ते कळतं.

गणपतीचा आठवडा सगळ्यात आधी भरून ठेवावा. आचारी आणि पोरं कोकणात गावी जातात, खानावळ बंद राहते आणि फोन हातात धरायलाही कोणी नसतं. बंद राहण्याच्या तारखांचा व्हिडिओ चतुर्थीच्या आठ दिवस आधी टाकायचा. पुन्हा उघडण्याचा व्हिडिओ निघण्यापूर्वीच टिपून, मेटा बिझनेस सुटमध्ये दिवस आणि वेळ लावून ठेवायचा. ते साधन फुकट आहे आणि ठरल्या वेळी व्हिडिओ आपोआप टाकतं. मुंबईला परतल्यावर पहिल्या बुधवारी ताटं लावायची, तर हा व्हिडिओ मंगळवारी संध्याकाळी सहाला लावलेला असावा.