पोस्टरवरच्या कामगाराला हेल्मेट, जॅकेट, हातमोजे घालताना

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली. त्यामुळे हीच तारीख आपण राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळतो. या दिवसांत कारखान्यांच्या फाटकांवर आणि बांधकामांच्या कुंपणांवर नवी पोस्टर लागतात. त्यांतल्या कितीतरी पोस्टरवर हेल्मेट मागे सरकवलेला, जॅकेटची चेन उघडी टाकलेला हसरा मॉडेल असतो. साइटवर नव्याने आलेल्या बिगाऱ्याला पोस्टरची भाषा वाचता येईलच असे नाही, पण चित्र त्याला कळते आणि तो तसेच हेल्मेट घालतो. म्हणून पोस्टरचा कच्चा नमुना तयार होतो तेव्हाच मॉडेलचा पोशाख बारकाईने तपासायला हवा.

बांधकामावर ट्रकमधून सळया उतरवणाऱ्या कामगाराचे पोस्टर करायचे आहे असे धरू. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या साधारण दोन बोटे वर हवी आणि हेल्मेट डोक्यावर सरळ बसलेले हवे. ते मागे कलले की कपाळ उघडे पडते. हेल्मेटच्या आत पट्ट्यांची जाळी असते, आणि तिच्या व कवचाच्या मध्ये साधारण तीन सेंटिमीटर मोकळी जागा असते. वरून काही पडले की पट्ट्या ताणल्या जातात आणि धक्का त्या मोकळ्या जागेत जिरतो. तिथे रुमाल, टोपी किंवा तंबाखूची पुडी ठेवली तर तोच धक्का थेट डोक्याला बसतो. मॉडेलचे केस फुगवलेले असतील किंवा स्त्री मॉडेलचा अंबाडा डोक्यावर असेल, तरी हेल्मेट वर उचलले जाते. अंबाडा मानेजवळ खाली बांधावा. मागची चकती फिरवून हेल्मेट घट्ट करावे आणि हनुवटीचा पट्टा न लावता मान खाली घालायला सांगावी. हेल्मेट पडले नाही तर माप बरोबर आहे. मग पट्टा लावून फोटो घ्यावा.

जॅकेटच्या बाबतीत खरी अडचण कॅमेऱ्याची आणि छपाईची आहे. जॅकेटचे भडक पिवळे-हिरवे कापड दिवसा कामाला येते, कारण ते उन्हातली अतिनील किरणे शोषून त्यांचा दिसणारा प्रकाश करते. चंदेरी पट्ट्यांचा उपयोग अंधारात होतो. त्या प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतात, म्हणून ट्रकच्या दिव्यांत त्या चालकाला चमकताना दिसतात. फोटो काढताना फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असला तर त्या पट्ट्या इतक्या चमकतात की बाकी अंग काळवंडते, आणि दिवा बाजूला ठेवला तर त्या राखाडी दिसतात. उन्हाच्या उजेडात फोटो काढून लेन्सजवळून अगदी मंद फ्लॅश दिला की कापड आणि पट्ट्या दोन्ही नीट उतरतात. मात्र नेहमीच्या चार शाईंच्या छपाईत ते भडक कापड फिके पडते. वेगळी फ्लुरोसंट शाई परवडत नसेल तर मागची पार्श्वभूमी गडद निळी किंवा करडी ठेवावी. आणि जॅकेटची चेन बंदच हवी, नाहीतर कमरेभोवतीचा पट्टा समोर तुटलेला दिसतो. कंपनीचा मोठा लोगो किंवा खांद्यावरची बॅग पट्ट्यांवर येऊ देऊ नये.

हातमोज्यांची चूक सगळ्यांत गंभीर. सळयांना तळव्यावर जाड थर दिलेले किंवा चामड्याचे, बोटांत घट्ट बसणारे हातमोजे योग्य आहेत. तोच मॉडेल तसाच उचलून वर्कशॉपच्या पोस्टरसाठी ड्रिल मशीनपुढे उभा केला, की चित्र जीवघेणे होते. फिरत्या बिटमध्ये हातमोज्याचे टोक अडकले तर तो गुंडाळला जातो आणि बटण बंद करण्याआधी बोट त्याच्यासोबत ओढले जाते. उघड्या हाताला बिट लागले तर जखम होते, पण हात सुटण्याची शक्यता राहते. हातमोजा चामड्याचा असो की होजिअरीचा, धोका दोन्हींत आहे. ढगळ जॅकेटचे टोकही असेच ओढले जाते. त्या चित्रात हात उघडे, वस्तू वाइसमध्ये पकडलेली, डोळ्यांवर चष्मा आणि कीस काढायला बाजूला ब्रश दाखवावा.

सुरक्षा चिन्हांच्या आयएसओ ७०१० या मानकात हातमोजे घाला असे सांगणारे निळे वर्तुळ आहे, तसे हातमोजे घालू नका असे सांगणारे, तिरपी रेघ मारलेले लाल वर्तुळही आहे. ड्रिलच्या पोस्टरवर हे दुसरे चिन्ह लागते. पोस्टर बनवणाऱ्यांनी छपाईआधी आपला नमुना ते काम रोज करणाऱ्या ऑपरेटरला किंवा फिटरला दाखवावा, आणि त्याने चूक दाखवली तर फोटो पुन्हा काढावा.