आठ पिक्सेलांच्या रेघेवर

शाळेच्या स्नेहसंमेलनातला चाळीस जणांचा फोटो. त्यातला एकीचाच चेहरा हवा म्हणून घरातले कुणीतरी तो मोबाइलवर क्रॉप करते आणि सेव्ह करते. पुढे कधीतरी दोन्ही फोटो शेजारी ठेवून मोठे केले, तर नव्या फोटोत लाल रिबिनीचा रंग केसांत किंचित ओघळलेला दिसतो आणि युनिफॉर्मच्या पांढऱ्या कॉलरभोवती बारीक कचरा जमलेला दिसतो. कापल्या होत्या फक्त कडा. चेहऱ्याला कुणी हात लावला नव्हता. तरीही तो बदलला, कारण ‘सेव्ह’ म्हणताच प्रोग्रामने उरलेला भाग पहिल्यापासून नव्याने जेपेगमध्ये बांधला.

१९९२ साली ठरलेल्या जेपेग पद्धतीत फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनातल्या ६४ पिक्सेलांऐवजी ६४ नव्या संख्या लिहिल्या जातात. चौकोनाचा सरासरी उजेड किती, त्यात सावकाश होणारे बदल किती, बारीक रेघा किती, हे त्या संख्या सांगतात. या रूपांतराचे गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली मांडले. तिथवर फारसे काही हरवत नाही. खरी तूट पुढच्या पायरीला येते. प्रत्येक संख्येला ठरलेल्या भाजकाने भागतात आणि उत्तर जवळच्या पूर्णांकात बसवतात. दर्जा कमी ठेवला की भाजक मोठे होतात, जास्त संख्या शून्य होतात आणि फाइल लहान होते. उरलेले पूर्णांक शेवटी दाटीवाटीने भरले जातात, पण त्या भरण्यात काहीही सांडत नाही.

एक संख्या घेऊन पाहू. मूळ मूल्य ४३ आणि भाजक ८. भागाकार ५.३७५ येतो, फाइलमध्ये ५ लिहिले जातात. फोटो उघडताना ५ गुणिले ८, म्हणजे ४० मिळतात. चूक ३ ची. हाच फोटो दुसऱ्या प्रोग्रामने १२ या भाजकाने सेव्ह केला, तर ४० भागिले १२ म्हणजे ३.३३, लिहिले ३, आणि उघडल्यावर ३६. चूक आता ७ ची झाली. मूळ ४३ लाच थेट १२ ने भागले असते, तर ४ लिहिले गेले असते आणि उघडल्यावर ४८ मिळाले असते, म्हणजे चूक ५ वरच थांबली असती. एकावर एक केलेल्या दोन गोळाबेरजा अशा एकमेकींत मिसळतात.

पण दुसऱ्यांदाही भाजक ८ च असता तर? ४० भागिले ८ बरोबर ५. नवी तूट शून्य. म्हणूनच फोटो न कापता, त्याच प्रोग्रामने, त्याच दर्जावर पुन्हा पुन्हा सेव्ह केला तर तो फारसा बिघडत नाही. ‘दर सेव्हला फोटो तेवढाच खराब होतो’ ही समजूत अर्धवट आहे. क्रॉप मात्र हा आधार काढून घेते, कारण नवे चौकोन नव्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून मोजले जातात. कात्री डावीकडून १००३ व्या पिक्सेलावर चालली, तर जुनी चौकट आणि नवी चौकट एकमेकींवर बसत नाहीत. जुन्या दोन चौकोनांमधला सांधा नव्या चौकोनाच्या पोटात येतो आणि प्रोग्राम त्याला फोटोतला तपशील समजून जपू पाहतो. सगळ्या ६४ संख्या बदलतात, पुन्हा भागल्या जातात, पुन्हा गोल केल्या जातात.

रंगाचे नुकसान अधिक. डोळ्याला उजेडातला फरक जितका बारीक कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून बहुतेक मोबाइल २ बाय २ अशा चार पिक्सेलांना मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. क्रॉपची रेघ विषम पिक्सेलावर पडली की या चौकड्याही सरकतात आणि शेजारच्या रंगांची सरासरी पुन्हा काढली जाते. बिघाड तपासायचा तर आकाशाकडे किंवा भिंतीकडे पाहण्याआधी लाल काठ, भगवी अक्षरे, काळ्यावरचे कुंकू अशा जागा मोठ्या करून पाहाव्यात. रंग तिथेच आधी फुटतो.

अशा वेळी अनेक जण दर्जाची पट्टी १०० वर नेतात. त्याने पुढची तूट नगण्य होते, पण गेलेले परत येत नाही. फाइल मात्र फुगते, कारण पहिल्या वेळी झालेल्या चुकाही आता जिवापाड जपल्या जातात. शिवाय हा आकडा टक्केवारी नव्हे. एका प्रोग्रामचे ९० आणि दुसऱ्याचे ९० यांमागचे भाजक वेगळे असू शकतात.

नुकसान अजिबात नको असेल तर पूर्णांकांना न छेडता फक्त नको असलेले चौकोन काढून टाकायचे. फरशीच्या सांध्यावरून अख्ख्या लाद्या उचलाव्यात तसे हे काम आहे. त्यासाठी फोटो पिक्सेलांपर्यंत उलगडावा लागत नाही. दाटून भरलेले पूर्णांक मोकळे करायचे, हवे तेवढे ठेवायचे आणि पुन्हा भरायचे. अट एकच, की नवा डावा-वरचा कोपरा जुन्या चौकटीच्या रेघेवर पडला पाहिजे. रंगाची नोंद चार पिक्सेलांत एक असेल, तर ही चौकट १६ बाय १६ ची होते. प्रत्येक पिक्सेलाची स्वतंत्र नोंद असेल तर ८ बाय ८ ची.

समजा त्या स्नेहसंमेलनाचा फोटो ४००० बाय ३००० चा आहे, चौकट १६ ची आहे आणि हवा असलेला भाग डावीकडून १००३, वरून ५१७ पासून १२०० बाय ९०० एवढा आहे. jpegtran या मोफत प्रोग्रामला आज्ञा अशी द्यायची:

```
jpegtran -copy all -crop 1200x900+1003+517 -outfile navin.jpg mul.jpg
```

१००३ ला १६ ने नि:शेष भाग जात नाही. प्रोग्राम न बोलता कोपरा मागे नेऊन ९९२ वर ठेवतो, आणि ५१७ चे ५१२ करतो. उजवा-खालचा कोपरा सांगितला तिथेच राहतो. हाती येतो १२११ बाय ९०५ चा फोटो, म्हणजे डावीकडे ११ आणि वर ५ पिक्सेल जास्त. एवढ्या मोठ्या फोटोत ही पट्टी नजरेलाही येत नाही, आणि तिच्या बदल्यात चेहऱ्याची प्रत्येक नोंद मुळात होती तशीच मिळते. हा सौदा घ्यावा असाच आहे. आज्ञा टाइप करायच्या नसतील त्यांच्यासाठी इरफानव्ह्यू आणि एक्सएनव्ह्यूमध्येही अशा क्रॉपची सोय आहे. मोबाइलवर उभे काढलेले फोटो फाइलमध्ये पुष्कळदा आडवे साठवलेले असतात आणि ‘दाखवताना फिरवा’ एवढी सूचना सोबत असते. आकडे साठवलेल्या मांडणीप्रमाणे द्यावे लागतात, नाहीतर भलताच भाग कापला जातो.

उजव्या आणि खालच्या कडेला रेघेची सक्ती नाही. तिथे शेवटचा चौकोन फाइलमध्ये अख्खा राहतो, आणि किती पिक्सेल दाखवायचे ते फाइलच्या माथ्यावर लिहिलेले असते.

वाकडे क्षितिज दोन अंश सरळ करायचे असेल, उजेड वाढवायचा असेल किंवा फोटो लहान करायचा असेल, तर ही वाट बंद होते, कारण तिथे नवे पिक्सेल तयार करावेच लागतात. मग मूळ फाइल उघडून सगळे बदल एका बैठकीत करावेत आणि शेवटी एकदाच सेव्ह करावे. परीक्षेच्या ऑनलाइन अर्जासाठी ठरावीक केबीचा फोटो हवा असतो तेव्हाही हाच क्रम कामाचा ठरतो. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून आलेली प्रत आधीच लहान करून पुन्हा दाबलेली असते. ती कापून परत दाबण्यापेक्षा मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्यावी.

एका बाबतीत मात्र बिनतोटा क्रॉपवर विसंबू नये. फोटोतला शेजारचा माणूस किंवा कागदावरचा आधार क्रमांक लपवण्यासाठी कापत असाल, तर उजव्या आणि खालच्या कडेच्या त्या अख्ख्या चौकोनांत १५ पिक्सेलांपर्यंतचा न दिसणारा भाग शिल्लक राहू शकतो. वरच्या आज्ञेतल्या `-copy all` मुळे तारीख-वेळेबरोबर जुन्या, न कापलेल्या फोटोचे छोटे चित्रही नव्या फाइलमध्ये येऊ शकते. त्या ठिकाणी `-copy none` लिहावे, किंवा थोडी तूट पत्करून फोटो सरळ नव्याने सेव्ह करावा.