तीन फेजचा करंट असमान: दोष लाइनचा की मोटरचा?

विहिरीवरच्या साडेसात एचपीच्या मोनोब्लॉक पंपाला 415 व्होल्टवर साधारण 11 अँपिअर करंट लागतो आणि तिन्ही वायरींत तो जवळपास सारखा असावा लागतो. क्लॅम्प मीटर लावल्यावर आर फेजवर 12.8, वायवर 9.6 आणि बीवर 10.4 असे आकडे आले, तर सरासरी 10.9 होते आणि आर फेज त्या सरासरीपेक्षा 17 टक्क्यांनी जास्त ठरतो. एवढा फरक दिसला की मोटर सोडवून रीवाइंडिंगला न्यायची घाई होते. पण मोटर ठणठणीत असतानाही असे आकडे येऊ शकतात.

याच वेळी, मोटर चालू ठेवून, दोन-दोन फेजमधला व्होल्टेज मोजला आणि तो 412, 404 आणि 396 निघाला असे समजू. सरासरी 404 आणि त्यापासूनचा सर्वांत मोठा फरक 8 व्होल्टचा, म्हणजे फक्त 2 टक्के. व्होल्टेजमध्ये 2 टक्के तफावत असताना करंटमध्ये 17 टक्के कशी येते, असा प्रश्न साहजिक आहे. असमान व्होल्टेजमुळे मोटरमध्ये मुख्य चुंबकीय क्षेत्रासोबत उलट्या दिशेने फिरणारे एक दुबळे क्षेत्र तयार होते. रोटर त्या क्षेत्राच्या विरुद्ध दिशेने पूर्ण वेगात फिरत असल्याने त्या क्षेत्राच्या दृष्टीने मोटरचा अडथळा फार कमी असतो, जवळजवळ सुरू होतानाच्या मोटरइतकाच. त्यामुळे थोड्याशा व्होल्टेजवरही भरपूर करंट वाहतो. लोडवर चालणाऱ्या मोटरमध्ये करंटची तफावत व्होल्टेजच्या तफावतीच्या 6 ते 10 पट असू शकते. वरचे आकडे या पट्ट्यात बसतात, म्हणून पहिला संशय लाइनवर घ्यावा. व्होल्टेज जवळपास समान असून करंटमध्ये एवढा फरक असता, तर संशय मोटरवर गेला असता.

व्होल्टेज मोटर चालू असतानाच मोजावा. डीपीवरचा सैल जंपर किंवा स्टार्टरचा जळका कॉन्टॅक्ट बिनलोडवर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि करंट वाहू लागला की पडतो. बंद मोटरवर घेतलेल्या रीडिंगवरून लाइन चांगली ठरवणे ही नेहमीची चूक आहे.

संशयाचा निकाल लावायला एक सोपी चाचणी आहे. मेन स्विच बंद करून मोटरची तिन्ही टोके एक-एक घर पुढे सरकवतात. आधी आर, वाय, बी अनुक्रमे यू, व्ही, डब्ल्यू या टोकांना होते. आता ते व्ही, डब्ल्यू, यू या टोकांना लावायचे. तिन्ही एकत्र सरकल्यामुळे फेजचा क्रम बदलत नाही आणि पंप त्याच दिशेने फिरतो. फक्त दोन टोकांची अदलाबदल केली, तर मोटर उलटी फिरेल, पंपाचा लोड बदलेल आणि रीडिंगची तुलनाच होणार नाही. सरकवल्यावर तेवढ्याच लोडवर करंट पुन्हा मोजायचा, मग आणखी एक घर सरकवून तिसऱ्यांदा.

तिन्ही वेळा आर फेजवरच 12.8 च्या आसपास करंट राहिला, तर दोष लाइनकडचा: जोड, फ्यूज, रोहित्र किंवा एकाच फेजवर पडलेला जास्त भार. जास्त करंट यू टोकाबरोबर आधी आरवरून बीवर आणि मग वायवर गेला, तर दोष मोटरचा. प्रत्यक्षात दोन्ही थोडे-थोडे असू शकतात. अशा वेळी तीनपैकी ज्या जोडणीत फरक सर्वांत कमी येतो, ती ठेवणे हा चालचलाऊ उपाय ठरतो. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये मोटरकडे सहा वायरी जातात, म्हणून सरकवायचे काम स्टार्टरच्या इनकमिंगला करणे सोयीचे. मात्र मग स्टार्टरचे कॉन्टॅक्टही मोटरच्या बाजूला मोडतात, म्हणून मोटरला दोष देण्याआधी स्टार्टरच्या आउटगोइंगवर व्होल्टेज पाहावा.

दोष मोटरमध्येच निघाला, तरी मेगरचे चांगले रीडिंग वाइंडिंगची ग्वाही देत नाही. मेगर तारा आणि मोटरची बॉडी यांच्यामधले इन्सुलेशन तपासतो. एकाच कॉइलमधले चार-दोन वेढे आपसांत शॉर्ट झाले असतील, तर ते त्याला कळत नाही. तीन वाइंडिंगचा रोध साध्या मल्टिमीटरने मोजण्यातही अडचण असते, कारण तो एक-दोन ओहमच असतो आणि मीटरच्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो. यासाठी लहान रोध मोजणारे मीटर लागते. नव्याने रीवाइंड केलेल्या मोटरमध्ये पहिल्या दिवसापासून फरक असेल, तर एखाद्या कॉइलमधले वेढे कमी-जास्त झाल्याची शक्यता मोठी.

मोटर जळूनच उघडली असेल, तर काळेपणावरूनही कारण ओळखता येते. एक फेज गेल्यावर चालत राहिलेल्या स्टार जोडणीच्या मोटरमध्ये दोन फेजच्या कॉइल काळ्या होतात आणि तिसरी तशीच राहते. डेल्टा मोटरमध्ये उलट, एकाच फेजच्या कॉइल जळतात. वेढे शॉर्ट झाले असतील, तर जळण एका कॉइलपुरती, एका जागी दिसते.